धागा: तीन आठवडे, तीन देश – आधी कुठे आणि शेवटी कुठे? (व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड)

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे. नवा माल जानेवारीशिवाय येत नाही, त्यामुळे दिवाळी झाली की आम्हाला जरा उसंत असते. यंदा पहिल्यांदाच तीन आठवडे बाहेर पडायचं ठरवलंय. १५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर. मी, सौ., कॉलेजातली मुलगी आणि आई. आईला ६९ पूर्ण झालीत. तब्येत खणखणीत आहे, पण गुडघे कुरकुरतात.

एजंटने क्रम असा दिलाय: बँकॉक ४ रात्री, सामुई बेट ४, कंबोडियात सिएम रीप ४, मग व्हिएतनाममध्ये खालून वर जायचं, म्हणजे हो ची मिन्ह ३, होई आन ३ आणि शेवटी हनोई-हा लाँग २. त्याचं म्हणणं, नकाशावर सरळ रेघ आहे, उलटसुलट फिरावं लागत नाही. मला रेघ पटली. पण मुलगी म्हणते, "बाबा, रेघ पावसाला दाखवली का?" तिनं कुठंतरी वाचलंय की होई आनला नोव्हेंबरात पूर येतो. एजंट म्हणतो, संध्याकाळी एक सर येते आणि जाते. जाणकारांनी सांगावं. टोकन दिलंय, विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत.

भडंगवाला
पहिला प्रश्न: भडंग किती किलो नेताय? क्रम त्यावर ठरतो. भडंग संपेल तिथं शेवटचा मुक्काम.

जगभ्रमंती_सातारा
कृष्णाकाठचे, उगाच डोकं लावू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे त्या सगळ्या भागाचा कोरडा हंगाम. आम्ही तीन वेळा थायलंड केलंय, छत्री कधी उघडली नाही. क्रमात अर्थ एवढाच की मागे फिरायला लागू नये. एजंटची रेघ बरोबर आहे. बिनधास्त पैसे भरा.

माणदेशी_पोरगा
जगभ्रमंती सर, अर्धं बरोबर आहे तुमचं. बँकॉक, सिएम रीप, फुकेतकडचा किनारा इथं नोव्हेंबरात पाऊस ओसरतो, मान्य. पण हा नियम सगळीकडे लावला की होई आन आणि सामुई नेमके त्यात फसतात, आणि यांच्या यादीत दोन्ही आहेत.

मी मूळचा दहिवडीचा. हनोईत चार वर्षं नोकरी केली. तिथला पाऊस मला पहिल्या वर्षीच कळला, कारण तो आपल्या घरच्यासारखा आहे. महाबळेश्वरात धो धो कोसळतो आणि आमच्या माणात ढग नुसते बघून जातात, का? मध्ये सह्याद्री आहे. वारा पश्चिमेकडून येतो, डोंगराला धडकतो, तिथंच रिकामा होतो. व्हिएतनामला लांबच लांब त्रुओंग सोन डोंगररांग आहे. उन्हाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो तेव्हा होई आन, दा नांग, ह्युए ही गावं डोंगराच्या पलीकडे पडतात. म्हणजे जून-जुलैत बाकीचा देश भिजतो आणि ही गावं माणदेश असतात. ऑक्टोबरात वारा फिरतो. मग तो ईशान्येकडून, समुद्रावरून पाणी घेऊन येतो आणि त्याच डोंगराला या बाजूनं धडकतो. तेव्हा होई आन महाबळेश्वर होतं. सांगलीत वर्षभरात जेवढा पडतो जवळपास तेवढा पाऊस दा नांगला एकट्या ऑक्टोबरात पडतो. नोव्हेंबरात त्याहून कमी, पण कमी म्हणजे थोडा नव्हे.

सामुईचं तेच. ते थायलंडच्या पूर्व बाजूच्या आखातात आहे, त्याचा वर्षातला सर्वांत ओला महिना नोव्हेंबर. सरळ रेघेत दोनशे-अडीचशे किलोमीटरवर पश्चिम किनाऱ्यावर क्राबी आणि फुकेत. तिथं त्याच दिवसांत आभाळ उघडत असतं. जगभ्रमंती सरांनी छत्री उघडली नाही, कारण ते फुकेतला गेले असणार.

जगभ्रमंती_सातारा
फुकेत आणि पटायाच. मान्य.

संगीता_विश्रामबाग
इतकं घाबरवू नका हो. आम्ही नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होई आनला तीन रात्री होतो. रिमझिम होती, एक दुपार चांगला पाऊस झाला. पण ते पिवळे वाडे, नदीत सोडलेले दिवे, शिंप्याकडे एका दिवसात शिवून मिळालेला कोट... मला तर पावसानं आणखी छान वाटलं. पर्यटक कमी होते.

वाईकर_आजोबा
संगीताताई, तुम्ही नशीबवान. माझ्या पुतण्याला त्याच महिन्यात हॉटेलातून होडीतून बाहेर काढलं. तळमजल्यावर पाणी, वर तीन दिवस मेणबत्त्या. हॉटेलवाल्यांनी काळजी घेतली, जेवण दिलं, त्यांचा दोष काही नाही. पण पुढची दोन विमानं हुकली आणि कंबोडियातलं हॉटेल न राहता भरावं लागलं. आम्ही कृष्णेच्या काठावरची माणसं. धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या मोजत बसतो. तिथली नदी कोण मोजणार?

माणदेशी_पोरगा
दोघांचंही खरं आहे, आणि अडचण हीच आहे. होई आनचा नोव्हेंबर रोज सारखा नसतो. चार दिवस नुसती भुरभुर असते. मग उत्तरेकडून थंड हवा खाली उतरते, त्याच वेळी समुद्रात कमी दाबाचा पट्टा येतो, आणि दोन-तीन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो. थू बोन नदी गावाला चिकटून वाहते, समुद्र चार-पाच किलोमीटरवर. पाणी चढतं ते जुन्या गल्लीतच. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीला ह्युए आणि होई आन दोन्हीकडे मोठा पूर आला होता. तुम्ही कुठल्या चार दिवसांत सापडता हे सहा महिने आधी कुणी सांगू शकत नाही. पाच दिवस आधी मात्र अंदाज बऱ्यापैकी कळतो. म्हणून तिथलं बुकिंग फुकटात रद्द होणारंच हवं. एजंटचं पॅकेज तसं नसतं, हा खरा प्रश्न.

युरोपकर
छान माहिती. आमचं पुढच्या मे महिन्यात युरोप आहे. इटली, स्विस, हॉलंड. आधी कुठे जावं? ट्यूलिप बघायचेत.

भडंगवाला
साहेब, धागा व्हिएतनामचा आहे. तुमची बस पुढच्या फलाटावर लागते.

माणदेशी_पोरगा
असू द्या, एका ओळीत सांगतो. क्यूकेनहॉफची बाग मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते, तेव्हा हॉलंड पहिलं, स्विसचे डोंगर शेवटी. आणि शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे मागायचा, रात्री सारख्या असतील तर पहिल्या देशाकडे. तेव्हा क्रम आधी, अर्ज नंतर. पुढचं वेगळ्या धाग्यावर.

अजिंक्यतारा
कासला डिसेंबरात येऊन "फुलं कुठायत?" विचारणारे आणि क्यूकेनहॉफला जूनमध्ये जाणारे एकाच गावचे.

गुडघेदुखी_डॉक्टर
साताऱ्यात फिजिओथेरपी करते. पावसाचं चाललंय ते बरोबर, पण मला आईंच्या गुडघ्यांचं बोलू द्या, कारण एजंटच्या क्रमात त्यांचीही सोय बघितलेली दिसत नाही.

एजंटनं हनोई-हा लाँग शेवटी टाकलंय आणि त्याला दोन रात्री. हा लाँगला जायला हनोईहून दोन-अडीच तास गाडी, मग बोट, बोटीतून छोट्या बोटीत उतरणं-चढणं, गुहेच्या पायऱ्या, दुसऱ्या दिवशी परत. हे सगळं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी. माझ्याकडे सहलीहून परत आलेले पेशंट येतात, त्यांना मी नेहमी विचारते कुठल्या दिवशी दुखायला लागलं. बहुतेकांचं उत्तर दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास असतं. पहिल्या आठवड्यात उत्साह पाय ओढतो, मग साठलेलं सगळं एकदम वर येतं. म्हणून जिथं चढउतार आहे ते पहिल्या बारा दिवसांत, आणि तेही लागोपाठ नाही.

दुसरं, सांगलीहून निघणं हाच एक प्रवास आहे. रात्रभर मुंबई, मग विमानतळावर तीन तास, मग पाच तास विमान. घड्याळ दीडच तास पुढे जातं, त्यामुळे युरोप-अमेरिकेसारखी झोप उलटी होत नाही, पण अंग आंबलेलं असतंच. पहिल्या पूर्ण दिवशी काही ठरवू नका. सकाळी उठल्यावर घोटे सुजलेत का बघा. दुपारपर्यंत सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर दुसरा दिवसही हलकाच ठेवा.

सिएम रीपच्या अंगकोर वाट देवळाच्या सर्वांत वरच्या मजल्याचा लाकडी जिना खूप उभा आहे. चढणं जमतं, उतरताना गुडघा बोलतो. आईंनी खालचे मजले बघावेत, तिथली लांबच लांब कोरीव शिल्पं, त्यातलं समुद्रमंथन, हे सगळं सपाट चालून बघता येतं.

कृष्णाकाठचा
डॉक्टर, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समुद्रमंथन बघायला मिळणार असेल तर जिना गेला खड्ड्यात."

सगळ्यांचे आभार. एजंटला सामुईचं विचारलं तर म्हणाला, ऑफर तिथलीच चांगली आहे. आता कळलं नोव्हेंबरात ऑफर का असते. माणदेशी दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर क्रम कसा लावला असता?

माणदेशी_पोरगा
मी नकाशा बाजूला ठेवून आधी प्रत्येक ठिकाणासमोर एकच शब्द लिहिला असता, लवकर का उशिरा. तुमच्या २१ दिवसांत हवा कुठं बिघडत जाते आणि कुठं सुधारत जाते, एवढंच बघायचं.

हनोई आणि हा लाँग: लवकर. नोव्हेंबरच्या मध्याला तिथं सगळ्यांत छान दिवस असतात, कोरडी हवा, दुपारी पंचवीस-सव्वीसच्या आसपास. वादळांचा काळ मागे पडलेला. डिसेंबरात वाईट होतं असं नाही, पण थंडीच्या लाटा यायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत तर धुकं आणि भुरभुर, खाडीतले डोंगर दिसतच नाहीत. शिवाय वारा वाढला की बंदरवाले बोटी बंद करतात. हा लाँग शेवटच्या दोन रात्रींत ठेवलं आणि बोट रद्द झाली, तर दुसरी संधीच नाही. सुरुवातीला असलं तर एक दिवस पुढे ढकलता येतं.

सिएम रीप: मध्ये किंवा उशिरा. पाऊस ओसरत चाललेला असतो, जमीन हिरवी, खंदक भरलेले, आणि एप्रिलसारखं भाजत नाही.

क्राबी: उशिरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथंही सरी असतात, महिनाअखेर समुद्र शांत होत जातो.

मग क्रम आपोआप उलटा होतो. १५ ला मुंबईहून थेट हनोई, सहा रात्री. त्यातली एक हा लाँगच्या बोटीवर, तीही चौथ्या दिवशी, आधी नाही. २१ ला हनोईहून सिएम रीप, विमान दोन तासांच्या आत पोचतं, पाच रात्री. २६ ला बँकॉक, तीन रात्री. २९ पासून क्राबी, पाच. शेवटची रात्र फुकेतला, कारण तिथून मुंबईला थेट विमान मिळतं. सामुई रद्द. हो ची मिन्हही काढलं. तिथला पाऊस तेव्हा संपत आलेला असतो, गावात दोष नाही, पण प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस बॅगा भरण्यात जातो.

तिकीट "जाणं-येणं" असं शोधू नका. मल्टी-सिटी शोधा, जाताना मुंबई-हनोई, येताना फुकेत-मुंबई. बँकॉकला जाऊन-येऊन तिकीट काढलं की क्रम एजंटच्या हातात जातो. माझा अंदाज, तुमच्या एजंटची रेघ त्यातूनच आली असणार.

जगभ्रमंती_सातारा
माणदेशी, एक शंका. हनोई आधी म्हणजे स्वेटर तीन आठवडे वाहायचा. क्राबीला स्वेटर घेऊन फिरणारा मी तरी पाहिला नाही.

माणदेशी_पोरगा
बरोबर पकडलंत. पण पंचवीस डिग्रीला स्वेटर लागत नाही, पहाटेसाठी एक जाकीट पुरे. आणि ते पुढे बँकॉकच्या मॉलमध्ये एसीत कामाला येतं.

निवृत्त_बाई
मला समुद्र शेवटी ठेवणं पटत नाही. आम्ही मैत्रिणींनी तसंच केलं होतं. पंधरा दिवस धावपळ आणि मग पाच दिवस किनारा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घराची आठवण यायला लागली, एकमेकींची तोंडं बघवेनात. विश्रांती मध्ये हवी. डॉक्टरबाईच म्हणतात दहाव्या दिवशी दुखतं, मग समुद्र विसाव्या दिवशी काय कामाचा?

गुडघेदुखी_डॉक्टर
बाईंचा मुद्दा बिनतोड आहे. मी सिएम रीपमध्येच विश्रांती घुसवीन. तिथला तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस हॉटेलच्या तलावात पाय सोडून बसायचं, परत देवळं. पाच रात्रींत ते बसतं. आणि दुसऱ्या दिवसाचा पास आदल्या संध्याकाळी पाचनंतर काढला तर त्या संध्याकाळचा सूर्यास्त त्यातच बघू देतात. देवळं सकाळी उघडल्यापासून दहापर्यंत बघायची, मग जेवण आणि झोप, परत चारनंतर. दुपारी बारा वाजता त्या दगडांवर चालणारे लोक संध्याकाळी भांडतात, हे मी पेशंटकडून नव्हे, नवऱ्याकडून शिकले.

निवृत्त_बाई
तरी पाच दिवस क्राबी मला जास्तच वाटतात.

पंचांगवाले_काका
कुणी तिथी बघितली का? यंदा त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. तिकडचे लोक आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. कंबोडियात तेव्हाच जलोत्सव असतो, नौकांच्या शर्यती आणि तीन दिवस सुट्ट्या. मुख्य सोहळा नॉम पेनला, पण सिएम रीपही गजबजतं. थायलंडमध्ये त्याच पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडतात. आणि महत्त्वाचं, अंगकोर वाटचा तो वरचा मजला बौद्ध पवित्र दिवशी बंद असतो. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या. पोरगी जिना चढणार असेल तर २४ सोडून दुसरा दिवस धरा.

अजिंक्यतारा
काका, परदेश प्रवासाला पंचांग लागतं हे आजीला सांगितलं तर ती वाड्यावर गुढी उभारेल.

कृष्णाकाठचा
काका, हे एजंटला माहीतच नव्हतं. म्हणाला, "पौर्णिमेला काय बंद असतंय?"

आता आमचं ठरत आलंय. सामुई रद्द केलं, टोकन हॉटेलांसाठी वळवून घेतोय. हनोईचे पहिले दोन दिवस रिकामे. आईनं स्वतः सांगितलंय की पहिल्या दिवशी तिला तळ्याकाठी बसून लोक बघायचेत, त्यात तिकीट नाही आणि पायऱ्याही नाहीत. सिएम रीपला २२ ला देवळं, २३ ला विश्रांती, २४ ला दूरची छोटी देवळं, २५ ला मुख्य देऊळ.

पण सौ. होई आन सोडायला तयार नाही. संगीताताईंचा कोट आणि दिवे तिच्या डोक्यात बसलेत. ती म्हणते, शेवटी टाका, डिसेंबरात पाऊस कमी होतो ना? क्राबीचे तीन दिवस कापून?

माणदेशी_पोरगा
वहिनींचं गणित चुकीचं नाही. डिसेंबरात पाऊस ऑक्टोबरपेक्षा खूप कमी असतो. पण पहिल्या आठवड्यात आभाळ बहुधा राखाडी आणि समुद्र खवळलेला असतो. शिवाय व्हिएतनाममध्ये दोनदा शिरायचं म्हणजे ई-व्हिसा भरतानाच मल्टिपल एन्ट्री निवडावी लागेल. सिंगलवर एकदा बाहेर पडलात की संपलं, नंतर बदलता येत नाही. आणि क्राबीहून होई आन, म्हणजे बँकॉक, मग दा नांग, मग परत मुंबई. डॉक्टरांना विचारा अठराव्या दिवशी हे आईंना झेपेल का.

मी असतो तर हनोईतल्या सहा रात्रींतल्या शेवटच्या दोन होई आनसाठी मोकळ्या ठेवल्या असत्या. हॉटेल फुकटात रद्द होणारं घ्या, दा नांगचं विमान आधी काढू नका. १५ तारखेला अंदाज बघा. थंडीची लाट आणि समुद्रात कमी दाब दोन्ही एकदम दिसले तर हनोईतच राहा. नाही दिसले तर जा, आणि २१ ला दा नांगहून सिएम रीपला निघा. मात्र ते थेट विमान रोज असेलच असं धरू नका, तारीख आधी तपासा. आयत्या वेळी विमान महाग पडेल, तो कोटाचा खर्च समजा.

गुडघेदुखी_डॉक्टर
माझं मत विचारत असाल तर नाही. हा लाँगहून परतल्यावर लगेच विमान, दोन रात्री, परत विमान, आणि मग देवळं. पहिल्या आठवड्याचा सगळा आराम वाया जाईल.

संगीता_विश्रामबाग
डॉक्टर, बायकोचं मन मोडल्यावर उरलेल्या दोन आठवड्यांत कुणाच्या गुडघ्यात काय होईल, तेही लिहा.

कृष्णाकाठचा
घरात अजून बैठक चालू आहे. आई डॉक्टरांच्या बाजूनं, मुलगी माणदेशी दादांच्या, सौ. एकटीच होई आनच्या. मी दुकानात बसलोय. हनोईपर्यंतची तिकिटं काढली आज, फुकेत-मुंबईची पण. मधलं ठरलं की सांगतो.

भडंगवाला
भडंग?

कृष्णाकाठचा
पाच किलो. दोन हनोईला संपतील असं आई म्हणते.